बेसिनचे पॉप-अप झाकण खालच्या आडव्या दांडीवर अडकून बसले तर

प्रश्न: आमचे घर म्हापशाजवळ आहे, पाणी विहिरीचे. जूनमध्ये घर बंद करून मुंबईला गेलो तेव्हा झुरळे येऊ नयेत म्हणून बेसिनचे झाकण लावून ठेवले होते. चवथीसाठी घर उघडले तर ते वर येईना. नळामागची मूठ खाली जात नाही, वरून ओढूनही झाकण निघत नाही. खाली पाइपात जी आडवी सळई जाते तिच्या नटाभोवती हिरवट-पांढरा थर दिसतो. नट फिरवला तर काही तुटेल का? झाकण सोडवायचे कसे?

उत्तर: वरून ओढणे आधी पूर्णपणे थांबवावे. तुमचे झाकण वरच्या तोंडाशी अडकलेले असण्यापेक्षा खालून पकडून ठेवलेले असण्याची शक्यता अधिक आहे, आणि ही पकड वरून सुटत नाही. या जातीच्या झाकणाला खाली एक शेपटी असते, शेपटीच्या टोकाला सुईसारखे नेढे असते, आणि पाइपाच्या मागच्या बाजूने आत आलेली आडवी दांडी त्या नेढ्यातून आरपार गेलेली असते. म्हणजे दांडी जोवर आत आहे, तोवर धडधाकट झाकणसुद्धा हाताने उपसून निघत नाही. ते तसेच राहावे म्हणूनच ती रचना केलेली असते. शिवोलीच्या एका बंद घरात राखणदाराने झाकणाची कड पकडीत धरून जोर लावला होता. झाकण हातात आले खरे, पण प्लास्टिकची शेपटी नेढ्याच्या वर मोडून अर्धी आत राहिली, आणि एका वॉशरने भागले असते तिथे संपूर्ण जोडणी बदलावी लागली.

कामाला हात घालण्यापूर्वी यंत्रणा कशी चालते ते एकदा डोळ्यांसमोर आणावे, कारण बिघाड नेमका कुठे आहे हे त्यावरूनच कळते. नळामागची मूठ एका उभ्या पट्टीला जोडलेली असते. पट्टीला ओळीने भोके असतात आणि त्यांतल्या एकात आडव्या दांडीचे बाहेरचे टोक स्प्रिंगच्या चिमटीने धरलेले असते. दांडीवर पाइपाच्या भिंतीपाशी एक गोळी असते. ती नायलॉनच्या किंवा तशाच प्लास्टिकच्या वाटीत बसते, आणि बाहेरून एक नट तिला दाबून धरतो. ही गोळीच दांडीचा टेकू आहे आणि पाणी अडवणारा बूचही तीच आहे. मूठ वर ओढली की दांडीचे बाहेरचे टोक वर जाते, आतले खाली येते आणि झाकण बसते. मूठ दाबली की सगळे उलट होते. तुमचे झाकण बंद आहे, म्हणजे या घडीला बाहेरचे टोक वर उचललेले दिसायला हवे. तसे ते नसेल आणि तरीही झाकण बंद असेल, तर दांडी आतून तुटली आहे किंवा नेढ्यातून निसटली आहे असे समजावे.

आता पाहणी. बेसिनमध्ये पाणी साचले असेल तर ते आधी मगने आणि शेवटी स्पंजने काढून घ्यावे. कुणी अगोदर नाली साफ करण्याची पावडर किंवा द्रव त्यात ओतला असेल तर रबरी हातमोज्यांशिवाय हात घालू नये, डोळ्यांवर चष्मा ठेवावा, आणि पुढे सांगितलेले व्हिनेगर त्या दिवशी वापरूच नये. खालचे दोन्ही अँगल कॉक बंद करावेत. निचऱ्याच्या कामाला त्यांची तशी गरज नसते, पण घरात पाहुणे असले की कुणीतरी सवयीने नळ सोडतो आणि खाली वाकलेल्या माणसाच्या तोंडावर पाणी येते. नटाखाली बादली ठेवावी.

त्यानंतर स्प्रिंगची चिमटी दोन बोटांनी दाबून दांडीच्या टोकावरून सरकवून काढावी आणि पट्टी दांडीपासून मोकळी करावी. चिमटी गंजून मोडायला आली असेल तर तुटू द्यावी. ती वेगळी मिळते. पट्टीच्या कोणत्या भोकात दांडी होती ते पेनाने खूण करून ठेवले की परत बसवताना डोकेफोड होत नाही. एवढे झाल्यावर मूठ एकदा वर-खाली करून पाहावी. मूठ आणि पट्टी आता सहज हलत असतील तर वरचा भाग निर्दोष आहे. मूठ अजूनही हलत नसेल, तर दोष नळाच्या अंगातच आहे, तिथे मुठीच्या उभ्या दांडीच्या भोकात क्षार धरले आहेत, आणि खालचा नट उघडण्याची कदाचित गरजही पडणार नाही. ही पाहणी न करता थेट नटाला पाना लावणारे बरेच दिसतात.

आता दांडीचे बाहेरचे टोक बोटांत धरून हलके खाली दाबावे. इथे जे हाताला जाणवते ते नीट ओळखावे. टोक किंचित खाली जाऊन परत उसळी मारत असेल, तर गोळी मोकळी आहे आणि अडथळा आत, झाकणाच्या शेपटीभोवती आहे. तिथे केस आणि साबणाचा चिकटा वेढा घालून बसतो. टोक सैल, कसलाही विरोध न होता हलत असेल आणि झाकण मात्र जागचे हलत नसेल, तर दांडी आतून तुटलेली किंवा निसटलेली आहे. आणि टोक भिंतीत पुरल्यासारखे ढिम्म असेल, तर गोळी वाटीत धरली आहे. तुम्ही केलेल्या वर्णनावरून हा तिसरा प्रकार वाटतो. नटाभोवतीचा हिरवट थर हा पितळेला पाणी लागून चढलेला कीट आहे. ते पाणी वाटीतूनच झिरपत आले असणार, म्हणजे तुमचे वॉशर घर बंद करण्याच्या आधीपासूनच गळत होते. गळणारे पाणी जागच्या जागी सुकत गेले, त्यातले क्षार मागे राहिले आणि पावसाळ्यातल्या दमट हवेने त्यात भर घातली. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर हाच थर तांबूस दिसतो. रंग कोणताही असो, झाकण सुटले तरी हे वॉशर बदलावेच लागणार आहे, तेव्हा त्याची तयारी ठेवूनच काम सुरू करावे.

धरलेली गोळी सोडवताना घाई केली तर नटाचे आटे जातात किंवा दांडी वाकते. आधी जुन्या टूथब्रशने नटावरचा सुटा थर झाडून घ्यावा. मग सुती कापडाची पट्टी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून नटाभोवती आणि दांडी जिथून आत जाते त्या तोंडाशी घट्ट गुंडाळावी, वर प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि अर्धा तास तसेच सोडावे. गोव्यात घराघरांत मिळणारे माडाचे व्हिनेगरही चालते, फक्त त्याचा वास कपाटात राहतो. व्हिनेगर वरून बेसिनमध्ये ओतून फारसा उपयोग होत नाही, कारण पाइपात ते थांबत नाही, सरळ खाली, पाणी धरून ठेवणाऱ्या ट्रॅपमध्ये उतरते. अर्ध्या तासाने कापड काढून पुन्हा ब्रश फिरवावा. थर जाड असेल तर पुन्हा एकदा गुंडाळावे, पण रात्रभर ठेवू नये, कारण क्रोमचा मुलामा त्याने काळवंडतो. संडास-मोरी धुण्याचे तीव्र ॲसिड इथे मुळीच वापरू नये. ते क्षार खाते तसेच पितळ आणि जस्तमिश्रित नटही खाते. आणि ब्लीचिंगचे कोणतेही द्रव व्हिनेगरच्या किंवा ॲसिडच्या जवळ आणू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बेसिनखालच्या कपाटात डोके घातलेल्या माणसाला तो थेट बाधतो.

नट फिरवण्याची दिशा हा या कामातला हमखास घोळ आहे. नट पाइपाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून असतो आणि आपण पुढून हात घालतो. भिंतीच्या बाजूने पाहिले तर तो नेहमीसारखाच, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरून सुटतो. पण आपण पुढे बसलेले असल्याने तोच आपल्याला काट्यांच्या दिशेने फिरताना दिसतो. साधी खूण अशी की भिंतीकडे तोंड करून बसले असता नटाचा वरचा भाग आपल्या उजव्या हाताकडे जायला हवा. अनेकांचा नट सुटत नाही तो गंजल्यामुळे नसतो, ते तो अधिकच आवळत असतात.

आधी रबरी मोजा घालून हाताने प्रयत्न करावा. हाताने न सुटल्यास नटावर जाड कापडाची घडी घालून पकडीने धरावे. दुसऱ्या हाताने पाइपाचा उभा भाग घट्ट धरून ठेवणे मात्र आवश्यक आहे. तो न धरल्यास नटाऐवजी संपूर्ण पाइपच बेसिनच्या तोंडात फिरतो, वरच्या कडेखालची पुट्टी किंवा वॉशर हलते आणि मग नव्याच ठिकाणी गळती सुरू होते. नट अर्धा फेरा सुटला की तिथेच थांबावे आणि फटीत व्हिनेगरचे दोन-चार थेंब सोडून पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत. आत्ता कुठे ते गोळीपर्यंत पोहोचते. नट प्लास्टिकचा असेल तर पकड जवळजवळ लावूच नये, हातानेच फिरवावा. तुमच्या नटावर हिरवा कीट आहे म्हणजे तो पितळी आहे, त्याला थोडा जोर सोसतो. फिरवताना कर्र आवाज आला तर घाबरू नये, तो क्षार फुटल्याचा असतो. पण नट फिरत राहिला आणि मागे सरकला नाही, तर आटे गेले आहेत.

नट पूर्ण सुटून दांडीवरून मागे आला की गोळी उघडी दिसते. आता दांडी सरळ ओढू नये, आधी फिरवावी. दांडीच्या बाहेरच्या भागावर कापड ठेवून पकडीने धरावे आणि तिच्याच अक्षाभोवती थोडी इकडे, थोडी तिकडे अशी वळवावी. ओढण्याने क्षारांचा थर गोळीला अधिक रुतवतो, वळवण्याने तो कापला जातो. वळू लागली की बाहेरचे टोक अगदी थोडे वर-खाली आणि डावे-उजवे हलवावे. दांडी साधारण चार-पाच मिलिमीटर जाडीची असते आणि गंजलेली असेल तर त्याहून बारीक उरलेली असते, म्हणून ती वाकायला लागल्याचे दिसताच हात आखडता घ्यावा आणि पुन्हा व्हिनेगरकडे वळावे. गोळी सुटते तेव्हा हाताला एक लहानसा झटका बसतो आणि दांडी एकदम हलकी होते.

गोळी सुटूनही दांडी बाहेर येत नसेल तर ती नेढ्यात अडकली आहे. बंद झाकणाचे वजन आणि चिकटा दांडीच्या टोकावर भार देत असतो, त्यामुळे दांडी ओढली की टोक नेढ्याच्या कडेवर घासते. अशा वेळी दुसऱ्या माणसाने वर उभे राहून झाकण तळव्याने किंचित वळवत राहावे आणि खालच्याने त्याच वेळी दांडी ओढावी. दोघांनी एकमेकांशी बोलत केले तर जमते. एकट्याने वर-खाली पळून सहसा जमत नाही. दांडी बाहेर आली की बादलीत थोडे काळे पाणी पडेल, वासही येईल. बॉटल ट्रॅपमधले पाणी याच्या खालच्या पातळीला असल्याने ते काही बाहेर येत नाही, म्हणून ट्रॅप उघडण्याची गरज नाही.

आता झाकण वर येईल. ते तरीही आले नाही तर ओढण्याऐवजी खालून उचलावे. तीच दांडी पुन्हा भोकातून आत घालावी, पण या वेळी नेढ्यात न घालता शेपटीच्या टोकाखाली सरकवावी आणि बाहेरचे टोक सावकाश दाबावे. झाकण खालून सरळ वर ढकलले जाते. त्याआधी झाकणाच्या कडेने कोमट साबणाचे पाणी सोडून ठेवल्यास चिकटा मऊ पडतो. उकळते पाणी मात्र ओतू नये. त्याने पीव्हीसीचा ट्रॅप वाकडा होतो आणि थंड चिनी मातीला तडा जाण्याचीही भीती असते.

झाकण हातात आल्यावर जे काही शेपटीला गुंडाळलेले निघते ते वर्णन करण्यासारखे नसते. ते कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावे, पाइपात परत लोटू नये. शेपटी, नेढे, गोळी आणि वाटीची आतली बाजू टूथब्रशने स्वच्छ करावी. दांडीच्या आतल्या टोकावर बोट फिरवून पाहावे. तिथे खाच पडली असेल किंवा टोक बारीक होऊन सुईसारखे झाले असेल तर दांडी बदलावी, कारण ती पुढे नेढ्यातच तुटते. जुनी दांडी, गोळी आणि वॉशर तिन्ही बरोबर घेऊनच दुकानात जावे. गोळ्यांचे व्यास कंपनीगणिक वेगवेगळे असतात आणि नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने आणलेली गोळी एक तर वाटीत शिरत नाही किंवा सैल बसून गळते. म्हापशाच्या बाजारात साध्या वेस्ट कपलिंगचे, म्हणजे दांडी नसलेल्या निचऱ्याच्या जोडणीचे, सामान भरपूर मिळते, पण या दांडीच्या जोडणीचे सुटे भाग दरवेळी मिळतीलच असे नाही. संपूर्ण जोडणीच घ्यावी लागली तर बेसिनला ओव्हरफ्लोचे भोक आहे की नाही ते आधी पाहावे. भोक असेल तर अंगाला खाचा असलेली, म्हणजे हाफ थ्रेड जातीची घ्यावी. नसेल तर फुल थ्रेड.

परत बसवताना झाकण असे सोडावे की नेढ्याचे तोंड मागच्या भोकासमोर येईल. गोळीवर आणि वाटीत सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा. गाडीचे ग्रीस किंवा व्हॅसलीन वापरू नये. त्याने काही प्रकारची रबरी वॉशर फुगतात. दांडी आत सरकवताना नेढे सापडेपर्यंत वरच्या माणसाने झाकण थोडे उचलून धरावे. सापडले की नाही याची परीक्षा सोपी आहे: झाकण हलके ओढून पाहावे, ते थोडे वर येऊन अडले तर दांडी नेढ्यातून गेली आहे. नट हाताने जेवढा आवळेल तेवढा आवळून त्यापुढे फक्त पाव फेरा द्यावा. यापेक्षा अधिक आवळल्यास गोळी पुन्हा जखडते आणि मूठ जड चालते; कमी आवळल्यास गळते आणि झाकण आपोआप खाली पडते. शेवटी पट्टी खुणेच्या भोकात लावून चिमटी घालावी. मूठ पूर्ण दाबल्यावर झाकण साधारण एक सेंटिमीटर वर यायला हवे. तेवढे येत नसेल तर पट्टीवरचा बारीक स्क्रू सैल करून पट्टी थोडी सरकवावी.

गळतीची चाचणी करताना बहुतेकजण बेसिन भरून झाकण बंद ठेवतात आणि खाली थेंब पडत नाही म्हणून समाधान मानतात. या चाचणीला अर्थ नाही. दांडीचे भोक झाकणाच्या खाली आहे, त्यामुळे झाकण बंद असेपर्यंत तिथे पाणी पोहोचतच नाही. बेसिन काठोकाठ भरावे, नटाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळावा आणि मग झाकण उघडून सगळे पाणी एकदम सोडावे. पाणी धाडकन उतरते तेव्हाच नटापाशी खरा दाब येतो. कागद ओला झाला तर नट आणखी थोडा, अगदी थोडा फिरवावा. तरीही ओलावा राहिला तर वॉशर तिरके बसले आहे, ते उघडून पुन्हा बसवावे. आवळत राहू नये.

दोन ठिकाणी मात्र हे काम घरच्या घरी थांबवावे. दांडी नेढ्यात तुटून तुकडा आत राहिला आणि झाकण खालून ढकलूनही हलले नाही, किंवा वाटीचे आटे गेले, तर बेसिनखालचा मोठा चेक नट उघडून संपूर्ण पाइप उतरवावा लागतो. भिंतीला चिकटलेल्या बेसिनखाली तो नट फिरवायला लांब दांड्याचा खास पाना लागतो, आणि जुन्या चिनी मातीवर चुकीचा जोर पडला तर बेसिनच जाते. तेवढ्यासाठी प्लंबरला बोलावणे स्वस्त पडते.

झुरळांसाठी झाकण बंद ठेवण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ओव्हरफ्लोचे भोक असलेल्या बेसिनमध्ये झाकण बंद करून झुरळ थांबत नाही, ते त्या भोकातून येते. झुरळ आणि वास या दोन्हींना खरा अडसर ट्रॅपमधल्या पाण्याचा असतो, आणि घर महिनोन्महिने बंद राहिले की ते सुकून जाते. निघताना झाकण उघडे ठेवावे, बेसिनमध्ये तांब्याभर पाणी सोडावे आणि त्यावर दोन चमचे पॅराफिनचे तेल ओतावे. तेल पाण्यावर तरंगून त्याची वाफ होणे बरेच कमी करते. खोबरेल किंवा खाण्याचे तेल नको, ते खवट होते. ओव्हरफ्लोच्या भोकावर चिकटपट्टी लावली की झाले. शिवाय तुमच्या झाकणाच्या शेपटीला नेढ्याशेजारी खाच असेल (बऱ्याच झाकणांना असते), तर ते अर्धे वळवून दांडीवर नुसते टेकवूनही बसवता येते. मग ते केव्हाही वरून उचलून केस काढता येतात आणि खाली हात घालावा लागत नाही. घरात लहान मुले असतील तर ती झाकण उपसून खेळतात, अंगठी-बिंगठी आत जाण्याची धास्ती राहते, हा त्यातला तोटा. पण वर्षातून चार महिने बंद राहणाऱ्या घरात मी तरी दांडी नेढ्यात घालणार नाही, टेकवूनच ठेवीन.